‘1 महिना उणे 2 दिवस’: दोन तारखांमधला काळ मोजताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात अनुभवपत्रं तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. एक्सेलमध्ये रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि पुढे सूत्र. सगळं आपोआप. छापून सह्या झाल्यावर एक पत्र परत आलं. त्यात सेवेचा कालावधी होता ‘1 महिना -2 दिवस’. तो माणूस 31 जानेवारी 2023 ला रुजू झाला होता आणि 1 मार्चला गेला होता. उणे दोन दिवस नोकरी कशी करतात, असं त्याने विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चूक होती दोन तारखांमधला काळ काढणाऱ्या `DATEDIF` या फंक्शनमधल्या `"MD"` ची. इंटरनेटवर ‘अचूक वय काढा’ म्हणून जे सूत्र फिरतं, त्यात हे हमखास असतं:

```
=DATEDIF(A2,B2,"Y")&" वर्षे "&DATEDIF(A2,B2,"YM")&" महिने "&DATEDIF(A2,B2,"MD")&" दिवस"
```

यातले `"Y"` आणि `"YM"` ठीक आहेत. `"MD"` मात्र दिवसातून दिवस वजा करतो आणि उत्तर उणे आलं की शेवटच्या तारखेच्या आधीच्या महिन्याचे दिवस त्यात मिळवतो. वरच्या उदाहरणात 1 वजा 31, म्हणजे उणे 30. त्यात फेब्रुवारीचे 28 मिळवले तरी उणे 2 उरतात. आधीचा महिना लहान असला की हातचा घेऊनही हिशेब पुरा पडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदत-पानावर `"MD"` वापरू नका असं लिहिलंय, पण सूत्र चिकटवणाऱ्याला तिथवर जायला वेळ कुठे असतो! तेव्हा मलाही नव्हता.

उणे आकडा आला हे माझं नशीबच म्हणायचं, कारण तो डोळ्यांत खुपतो. 31 जानेवारी ते 3 मार्च 2023 टाकून बघा. `"MD"` शून्य देतो आणि पत्रात ‘1 महिना 0 दिवस’ छापून येतं. हे कोणालाच खटकत नाही. ते पत्र परत आल्यावर मी सगळी यादी हाताने तपासली, तेव्हा असे गुपचूप चुकलेले आणखी तिघे सापडले. तिघेही महिनाअखेरीला रुजू झालेले.

तेव्हापासून मी दिवस एकाच पद्धतीने काढतो. आधी पूर्ण महिने मोजायचे, सुरुवातीच्या तारखेपासून तेवढे महिने पुढे जायचं आणि तिथून शेवटच्या तारखेपर्यंतचे दिवस मोजायचे.

```
=B2-EDATE(A2,DATEDIF(A2,B2,"M"))
```

सूत्राच्या खान्याचं फॉरमॅट तारखेचं असेल तर ते ‘जनरल’ करा, नाहीतर दिवसांऐवजी 1900 सालातली एखादी तारीख दिसेल. 31 जानेवारीनंतर एक महिना म्हणजे `EDATE` च्या लेखी 28 फेब्रुवारी. तिथून 1 मार्चला एक दिवस. उत्तर 1 महिना 1 दिवस.

यातही एक खाच आहे. त्याच माणसाने 28 फेब्रुवारीलाच नोकरी सोडली असती तर? `DATEDIF` म्हणतो महिना पूर्ण नाही, कारण 28 हा 31 पेक्षा लहान. मग उत्तर ‘0 महिने 28 दिवस’. `EDATE` म्हणतो महिना झाला. दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. महिनाअखेरीची तारीख म्हणजे पूर्ण महिना धरायचा की नाही, हे सूत्र ठरवू शकत नाही, ते करारात किंवा नियमात बघावं लागतं. 29 फेब्रुवारीला जन्मलेल्याचं वय बिगर-लीप वर्षात 28 फेब्रुवारीला वाढतं की 1 मार्चला, हाही त्याच घरातला प्रश्न. देशोदेशी उत्तर वेगळं आहे.

कागदावर मोजणाऱ्यांची लाडकी चूक म्हणजे हातचा घेताना डोळे मिटून 30 घेणं. 20 नोव्हेंबर 2023 ते 8 मार्च 2024 घ्या. आठातून वीस जात नाहीत, म्हणून 30 घेतले की 18 दिवस येतात. आता चालत जा. 20 नोव्हेंबरपासून तीन महिने म्हणजे 20 फेब्रुवारी. तिथून 29 फेब्रुवारीपर्यंत 9 आणि पुढे मार्चचे 8, एकूण 17. कॅलेंडर समोर ठेवलं तर याला अर्धा मिनिट लागतो.

365.25 ने भागून वय काढणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. 1 मार्च 2001 चा जन्म आणि आजची तारीख 1 मार्च 2019 असेल तर मधले दिवस 6574. भागाकार 17.9986. `INT` लावून अपूर्णांक टाकला की अठराव्या वाढदिवशीच मूल सतरा वर्षांचं राहतं.

नोटिशीत गोंधळ वेगळा असतो. लोक ‘दोन महिने’ आणि ‘60 दिवस’ एकच समजतात. नोटीस दिल्याचा दिवस धरून मोजायचं असेल, तर 15 जानेवारी 2025 ला दिलेली दोन महिन्यांची नोटीस 14 मार्चला संपते, 60 दिवसांची 15 मार्चला. तीच 15 जुलैला दिली तर दोन महिने 14 सप्टेंबरला संपतात आणि 60 दिवस 12 सप्टेंबरलाच. हिवाळ्यात एक दिवस जास्त, पावसाळ्यात दोन कमी. त्यात पहिला दिवस धरायचा की नाही हा प्रश्न आहेच. दोन तारखांची साधी वजाबाकी पहिला दिवस सोडून देते. दोन्ही टोकं धरायची असतील तर शेवटच्या तारखेत 1 मिळवा आणि मग वरचं सूत्र चालवा. आलेल्या उत्तरात मागाहून 1 मिळवलात, तर कधीतरी ‘2 महिने 31 दिवस’ असलं काहीतरी हाती येतं.

कर्जाच्या तक्त्यात बघा. पहिला हप्ता 31 जानेवारी 2025, आणि पुढच्या ओळीत `=EDATE(B5,1)` लिहून खाली ओढलेलं. फेब्रुवारीत 28 येते आणि नंतर मार्चमध्येही 28, एप्रिलमध्येही 28. एकदा घसरलेली तारीख परत वर चढत नाही, आणि रोजच्या शिलकीवर व्याज असेल तर प्रत्येक हप्त्याचे दिवस चुकत जातात. प्रत्येक हप्ता पहिल्या तारखेपासूनच मोजा. पहिल्या हप्त्याची तारीख `B1` मध्ये लिहा, `A` रकान्यात `A5` पासून पहिल्या हप्त्यासमोर 0, दुसऱ्यासमोर 1 असे आकडे टाका आणि `B5` मध्ये `=EDATE($B$1,A5)` लिहून खाली ओढा. मार्चला 31 बरोबर परत येते.

आणि हे सगळं करण्याआधी तारीख खरंच तारीख आहे का ते बघा. दुसरीकडून आणलेल्या यादीत 05/04/2024 चा मे झालेला असतो आणि 25/04/2024 नुसता मजकूर म्हणून डावीकडे चिकटलेला असतो. `ISNUMBER` लावून बघितलं तर मजकूर सापडतो, पण उलटलेला महिना सापडत नाही. त्यासाठी मी रकान्याचं फॉरमॅट `dd-mmm-yyyy` करतो आणि चार-पाच ओळी मूळ कागदाशी ताडून बघतो. नवीन तक्ता केला की पहिल्या ओळीत 31 जानेवारी 2023 आणि 3 मार्च 2023 टाकतो. तिथे 1 महिना 3 दिवस आले, तरच पुढची नावं भरतो.