ऑर्डरचे निरोप आता व्हॉट्सअ‍ॅपवर: गिऱ्हाइकांना पत्र कसं लिहावं

अमळनेरसारख्या गावात कापड आणि शिलाईचं दुकान आहे, असं समजा. आखाजी जवळ आली की ब्लाउज, फॉल-पिको आणि मुलींचे ड्रेस यांचा ढीग लागतो. "झालं का हो?" हे विचारायला खेड्यावरच्या बाया बस धरून येतात आणि काम झालेलं नसलं की तशाच परत जातात. ही फेरी वाचवायची म्हणून मालक ठरवतो की यापुढे कपडे तयार झाल्याचा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचा. निर्णय चांगला आहे. तो गिऱ्हाइकांना कळवायचं पत्र मात्र नीट विचार करून लिहावं लागतं, कारण त्यात दुकान शब्द देत असतं.

पत्राला हात घालण्याआधी नको म्हणणाऱ्याचं काय करायचं ते ठरवा. बहुतेक पत्रांत "नको असल्यास कळवावे" एवढंच असतं. कोणाला कळवायचं, कसं कळवायचं आणि मग तयार कपड्यांचा निरोप कसा मिळणार, यातलं काहीच नसतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्व असं आहे की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असावं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्यवसायासाठीच्या नियमांतही ग्राहकाची आधी परवानगी घ्या आणि त्याने थांबा म्हटलं की थांबा, असं सांगितलेलं आहे. म्हणून पत्र वाटलं म्हणजे सगळ्यांनी होकार दिला, असं धरू नका. पुढची ऑर्डर घेताना तोंडी विचारा आणि होकार आला तरच पावतीच्या स्थळप्रतीवर खूण करा.

विचारताना आणखी एक प्रश्न विचारायचा: "हा फोन कोणाजवळ असतो?" खानदेशात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आईने दिलेला नंबर पुष्कळदा सुरतेला कामाला असलेल्या मुलाचा असतो. ब्लाउज तयार झाल्याचा मेसेज सुरतेत वाचला जातो आणि अमळनेरजवळच्या खेड्यात आई वाट पाहत राहते. शिवाय तो मुलगा तुमचा गिऱ्हाईक नाही, त्याला हे मेसेज का यावेत? अशा वेळी घरातल्या फोनचा नंबर मागा, नाहीतर साधा फोन करायचं ठरवा. ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांनाही फोनच. पत्रात हे स्पष्ट लिहिलं की कोणाला वगळल्यासारखं वाटत नाही.

आता पत्र. एका पानात मावेल, मोठ्या अक्षरांत छापता येईल आणि दुकानातला मुलगा वाचूनही दाखवू शकेल, असं असावं. नमुना असा:

> सप्रेम नमस्कार,
>
> येत्या १ तारखेपासून, ऑर्डर देताना आपण होकार दिलात तर, आपल्या ऑर्डरचा निरोप आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर देऊ. ज्यांच्याकडे बटणांचा फोन आहे त्यांना आम्ही फोन करू. एका ऑर्डरसाठी जास्तीत जास्त तीन मेसेज येतील: ऑर्डर घेतल्याचा, कपडे तयार झाल्याचा आणि आठ दिवसांत नेले नाहीत तर एक आठवणीचा. या नंबरवरून सेलच्या किंवा नव्या मालाच्या जाहिराती येणार नाहीत. आपल्याला कोणत्याही ग्रुपमध्ये टाकलं जाणार नाही.
>
> मेसेज फक्त याच नंबरवरून येतील: (दुकानाचा नंबर). तो दुकानाच्या नावाने सेव्ह करून ठेवावा. पावतीवरही हाच नंबर छापलेला आहे.
>
> मेसेज नको असल्यास:
> १. आमच्या मेसेजखाली "बंद" एवढंच लिहून पाठवा. किंवा
> २. याच नंबरवर फोन करून अथवा दुकानात येऊन पावती क्रमांक सांगा.
> ३. त्याच दिवशी दुकान बंद होण्याआधी मेसेज थांबतील आणि तसं आम्ही एकदा कळवू.
>
> मेसेज बंद केले म्हणून ऑर्डर रद्द होत नाही. कपडे तयार झाल्यावर आम्ही फोन करू. पुन्हा हवे असल्यास "सुरू" लिहून पाठवा.
>
> आम्ही कधीही ओटीपी विचारणार नाही, कोणतं अ‍ॅप किंवा फाइल उघडायला सांगणार नाही, मेसेजमधून पैसे मागणार नाही. पैसे दुकानातच द्यावेत.
>
> आपला,
> (मालकाचं नाव, दुकान, पत्ता)

या पत्रातली "ऑर्डर रद्द होत नाही" ही ओळ काढू नका. मेसेज नको म्हटलं तर दुकानदार रागावेल, काम मागे टाकेल, अशी धास्ती अनेकांना असते. ती गेली नाही तर लोक "बंद" लिहिण्याऐवजी नंबर ब्लॉक करतात. ब्लॉक केल्याचं व्हॉट्सअ‍ॅप तुम्हाला कळवत नाही. मेसेजवर एकच टिक राहते, आणि फोन बंद असला किंवा नेट नसलं तरीही एकच टिक दिसते. म्हणून दुकानासाठी साधा नियम करा: संध्याकाळपर्यंत दुसरी टिक आली नाही तर फोन करायचा.

फसवणुकीची ओळही तशीच ठेवा. लग्नपत्रिकेच्या किंवा बिलाच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून फोनचा ताबा घेण्याचे प्रकार झालेले आहेत. तुमच्या दुकानाच्या नावानेही कोणी तसं करू शकतं. आपलं दुकान काय मागणार नाही हे गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक असलं, तर खोटा मेसेज लगेच ओळखू येतो. पैसे गेलेच तर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, तोही पत्राच्या तळाशी छापा.

मेसेजचा मजकूरही आधीच ठरवून ठेवा. "पावती क्र. २१४. आपले कपडे तयार आहेत. दुकान रात्री ८ पर्यंत उघडे. मेसेज नको असल्यास 'बंद' लिहा." एवढं पुरे. मापं, कपड्यांचे फोटो, बाकी रक्कम यातलं काही त्यात घालू नका, कारण फोन घरातल्या कोणाच्याही हातात असू शकतो. हा मेसेज ज्याचा त्याला स्वतंत्र पाठवा. ब्रॉडकास्ट लिस्ट या कामाची नाही. ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्यांना ब्रॉडकास्टचा मेसेज पोचतच नाही. ग्रुप तर मुळीच नको, तिथे प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो.

राहिलं "बंद" आल्यावरचं काम. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या मोफत अ‍ॅपमध्ये "बंद" हा शब्द वाचून मेसेज आपोआप थांबत नाहीत, ते हातानेच करावं लागतं. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे त्या गिऱ्हाइकाचं सेव्ह केलेलं नाव बदलून पुढे "फोनच करा" जोडणं. मग पाठवायला कोणीही बसो, नाव उघडताच ते दिसतं. पावतीपुस्तकातही तेच लिहा. आणि "बंद" हाच शब्द यावा असा हट्ट धरू नका. "नको", "मेसेज नका टाकू", कोणी अहिराणीत "माले नको" म्हणालं, एवढंच काय आवाजाची क्लिप आली, तरी ते नकोच. कारण विचारायचं नाही.

पत्र छापायला देण्याआधी घरच्या एखाद्या फोनवरून दुकानाच्या नंबरवर "बंद" पाठवून पाहा. काउंटरवरच्या मुलाला सांगू नका. संध्याकाळी नाव बदललेलं आहे का, उलट निरोप आला का, पावतीवर नोंद आहे का, हे तपासा. यातलं एक जरी राहिलं असेल तर पत्रातली १ तारीख पुढे ढकला आणि आधी ते काम बसवा.