21 मार्चला 12 तासांचा दिवस मोजायला निघालात? या चुका टाळा

मार्च आला की हमखास कोणीतरी विचारतं, "दिवस-रात्र सारखे असतात ना, मग पंचांगात मुंबईचा दिवस 12 तास 7 मिनिटांचा कसा?" आणि उत्तराची वाट न बघता पंचांगच चुकलं असं ठरवून टाकतं. पंचांग बरोबर आहे.

मूळ चूक म्हणजे सूर्याला ठिपका समजणं. 12 तासांचं गणित बिंबाच्या मध्यबिंदूचं, तेही हवा नाही असं धरून. उदय मात्र वरची कड दिसताच धरतात आणि अस्त ती कड बुडाल्यावर. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग; बिंब साधारण 32 कलांचं, म्हणजे अर्ध्या अंशाहून थोडं जास्त. त्यातल्या 16 कला इथेच दिवसाला मिळतात. शिवाय क्षितिजाजवळ हवा किरण वाकवते आणि सूर्य सुमारे 34 कला वर उचललेला दिसतो. जुहूला बिंबाची खालची कड पाण्याला टेकते, तेव्हा खरं तर अख्खं बिंब क्षितिजाखाली गेलेलं असतं!

एकूण 50 कला. एका कलेला 4 सेकंद, शिवाय मुंबईत सूर्य तिरका उतरतो, म्हणून साडेतीन मिनिटं. सकाळ-संध्याकाळ मिळून सात.

आता ज्या चुकीने मला खरंच त्रास दिला ती. एका वर्षी आमच्या मुलांनी गेटवेवरून उदय टिपला, जुहूवरून अस्त, आणि बरोबर 12 तास आले. सगळे खूश. मला मात्र ते पटेना. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गेटवेला गेलो. समोर बंदरापलीकडचे डोंगर आणि त्यावर धुरकट पट्टा. हात लांब करून धरला तर दीड करंगळी, म्हणजे साधारण दीड अंश. सूर्य तेवढा वर येईपर्यंत सहा-सात मिनिटं जातात. दिवसाची जादा सात मिनिटं आणि उशिरा दिसलेल्या उदयाची ही मिनिटं यांनी एकमेकांना खाऊन टाकलं होतं. हवं तेच उत्तर आलं की तपासणी थांबवायची, ही घाई मला अजिबात खपत नाही.

म्हणून मुंबईत मी उदय मोजतच नाही. काठी उभी रोवतो. सकाळी सव्वाअकराला सावलीच्या टोकाशी खूण करतो आणि दुपारी सावली पुन्हा तेवढीच लांब कधी होते ते बघतो. 2 वाजून 17 मिनिटांनी झाली, तर मध्य 12:46. तोच खरा मध्यान्ह. सर्वात आखूड सावलीची वेळ डोळ्यांनी ठरवू नका, पाच मिनिटं सहज चुकतात. मग जुहूला अस्त: सुमारे 6:49:30. फरक 6 तास साडेतीन मिनिटं, दुप्पट केली की 12 तास 7 मिनिटं. दुर्बीण मात्र सूर्याकडे कधीही लावू नका, अस्तालासुद्धा.

सेकंदांचा हट्ट नको, 34 कला हा आकडा तापमान आणि हवेच्या दाबाप्रमाणे बदलतो.

खराखुरा 12 तासांचा दिवस हवा असेल तर मार्चमध्ये मुंबईचा दिवस रोज साधारण 65 सेकंदांनी वाढतो हे लक्षात घ्या. सात मिनिटं मागे जायला साडेसहा दिवस लागतात, म्हणून तो 14 मार्चच्या आसपास येतो. उदय आणि अस्त दोन्ही 6:48 च्या सुमारास. सप्टेंबरमध्ये उलट, दिवस-रात्र सारखे मानतात त्या संपाताच्या दिवसानंतर, 29 तारखेच्या आसपास.