फाँट घेताना व्ह्यू मोजा, माणसं नव्हे

फाँटचं डेस्कटॉप लायसन्स सहसा पत्रिका, पोस्टर अशा छपाईला पुरतं, पण ते जितक्या काँप्युटरसाठी घेतलं तितक्याच काँप्युटरवर. तीच फाइल वेबसाइटवर चढवायला वेब लायसन्स वेगळं लागतं आणि ॲपमध्ये घालायला ॲपचं.

वेब लायसन्स बहुधा पेजव्ह्यूवर, म्हणजे पानं किती वेळा उघडली यावर, ठरतं आणि खरी गफलत तिथेच होते. रोज ३,००० वाचक येतात आणि प्रत्येक जण ४ पानं उघडतो असं धरा. दिवसाला १२,००० आणि महिन्याला ३.६ लाख व्ह्यू झाले, म्हणजे अडीच लाखांचं मासिक लायसन्स अपुरं. म्हणून आधी ॲनालिटिक्समधला सर्वांत गर्दीचा महिना, शक्यतो दिवाळीचा, बघा. मर्यादा महिन्याची की एकूण, हेही करारात तपासा.

बजेट नसेल तर ‘मुक्त’ किंवा ‘बलू’ हे मोफत देवनागरी फाँट निर्धास्त वापरा. ओपन फाँट लायसन्समुळे त्यांना व्ह्यूची मर्यादाच नाही.