स्विचला दोन पॉवर सप्लाय आहेत, पण एकावर तो चालेल का?

सप्लायचा हिरवा दिवा बघून 'रिडंडंट आहे' असं लिहून देणारे मला आवडत नाहीत. मीही एकदा दिलं होतं. जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये रात्री एक सप्लाय गेला. स्विच चालू राहिला, पण निम्मे कॅमेरे अंधारात.

सिस्कोच्या कॅटलिस्ट स्विचमध्ये लॉगइन करून हे दोन कमांड चालवा:

```
show environment all
show power inline
```

पहिल्यात पंखे, तापमान आणि सप्लायची स्थिती दिसते. सप्लायपुढे `No Input Power` असेल तर सप्लाय बदलायला धावू नका, आधी केबल, एमसीबी आणि यूपीएस बघा. दोन्ही केबल एकाच यूपीएसला असतील तर ती तयारी नव्हे, फसवणूक आहे.

आता जिथे मी फसलो तो हिशेब. कॅटलिस्ट 9300 चा 48 पोर्टचा पीओई स्विच घ्या, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा. 715 वॅटचे दोन सप्लाय, शेजारच्या स्विचशी वीज वाटून घेणारी स्टॅकपॉवर केबल नाही. एका सप्लायवर पीओईला 437 वॅट मिळतात, बाकीचे 278 स्विच स्वतःसाठी राखून ठेवतो. दुसरा लावला की पीओईचा आकडा 1152 होतो. म्हणजे दुसरा सप्लाय राखीव बसत नाही, त्याचीही वीज वाटपात येते.

त्या मिलमध्ये 20 कॅमेरे 15.4 वॅटने आणि 12 वायफाय एपी 30 वॅटने धरले, तर 308 आणि 360 मिळून 668. `show power inline` मध्ये `Available` 1152, `Used` 668. वाचणाऱ्याला वाटतं, भरपूर आहे! पण एक सप्लाय गेला की 437 च उरतात, 231 वॅट कमी पडतात. मग स्विच कमी प्राधान्याचे पोर्ट बंद करत जातो. म्हणून `Used` ची तुलना `Available` शी करू नका, एकट्या सप्लायच्या आकड्याशी करा. इथे 1100 वॅटचे दोन लावले तर एकट्यावर 822 मिळतात, आणि 668 त्यात बसतात. मग रविवारी, मालकाला सांगून, एक केबल उपटून बघाच. कागदावरचा हिशेब मी तेवढ्यावर मानत नाही.

पंख्यांचं सोपं आहे. तीनपैकी एक गेला तर उरलेले वेगाने फिरतात आणि काम निभावतं, पण मे महिन्यातल्या जालन्यात, लोखंडाच्या धुळीत, त्यावर आठवडा काढू नका. स्विच चालू असतानाच पंखा बदलता येतो.

स्पेअर पार्ट नंबर बघूनच घ्या. डेटा सेंटरच्या स्विचला हवेची दिशाही जुळावी लागते. प्रत्येक प्रकारचा एक सप्लाय आणि एक पंखा जागेवरच ठेवा, पुण्याहून येईपर्यंत दुसराही जाऊ शकतो. कपाटातला सप्लाय सहा महिन्यांनी एकदा स्विचमध्ये घालून `OK` दाखवतो का, ते पाहा.