जुन्या पत्रिकेतल्या शके-तिथीवरून इंग्रजी तारीख कशी काढावी

घरातल्या जुन्या पत्रिकेची सुरुवात साधारण अशी असते: ‘श्रीमन्नृपशालिवाहन शके अमुक, अमुक नाम संवत्सरे, आषाढ मासे, कृष्णपक्षे, षष्ठ्यां तिथौ, सौम्यवासरे…’ इंग्रजी तारीख कुठेच नाही. पण या ओळीत वर्ष, महिना, तिथी, वार आणि नक्षत्र अशा पाच गोष्टी दिलेल्या असतात. पहिल्या तिनांवरून तारीख निघते आणि उरलेल्या दोनांवरून ती पडताळता येते. म्हणून सगळी ओळ आधी कागदावर उतरवून घ्या. पत्रिका मोडीत असेल तर जाणकाराकडून आकडे वाचून घ्या, कारण एक आकडा चुकला की पुढचा सगळा हिशोब चुकतो.

उदाहरणासाठी लोकमान्य टिळकांची जन्मतिथी घेऊ, म्हणजे निघालेलं उत्तर ताडून पाहता येईल: शके १७७८, आषाढ वद्य षष्ठी.

आधी वर्ष

शालिवाहन शकाचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू होतं. त्यामुळे चैत्र ते कार्तिक या महिन्यांसाठी शकात ७८ मिळवायचे आणि माघ-फाल्गुनासाठी ७९. मार्गशीर्ष आणि पौष हे मधले महिने मात्र तपासावे लागतात, कारण इंग्रजी वर्ष यांच्यातच कुठेतरी बदलतं. ३ जानेवारी १८३१ ही सावित्रीबाई फुल्यांची जन्मतारीख शके १७५२ मध्ये येते, म्हणजे तिथे फरक ७९ चा आहे. आपल्या उदाहरणात महिना आषाढ आहे, म्हणून १७७८ अधिक ७८, म्हणजे १८५६.

वर्षाचा आकडा पुसट असेल तर संवत्सराच्या नावाचा आधार घ्या. शकात १२ मिळवून ६० ने भागा. जी बाकी उरेल तो साठ संवत्सरांतला क्रमांक, प्रभवापासून मोजलेला. १७७८ अधिक १२ म्हणजे १७९०. बाकी ५०, आणि पन्नासावा संवत्सर नल (काही पंचांगांत अनल). बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. आकडा आणि नाव जुळत नसेल तर वाचनात चूक आहे असं समजा आणि मूळ कागद पुन्हा पाहा.

पत्रिकेत शके नसून ‘संवत्’ किंवा ‘फसली’ लिहिलं असेल तर हा हिशोब लागू होत नाही. गुजरातशी संबंध असलेल्या घरांत विक्रम संवत आणि मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत फसली सन आढळतो. त्यांचे फरक वेगळे आहेत.

मग महिना आणि तिथी

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, आणि तो बहुतेक वेळा इंटरनेटवरच्या झटपट रूपांतरामुळे होतो. ‘शक’ म्हणून तिथे पुष्कळदा भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका वापरलेली असते. ती १९५७ साली लागू झाली आणि ती सौर आहे. तिच्या महिन्यांचा चंद्राशी संबंध नाही. आषाढ वद्य षष्ठी म्हणजे महिन्याचा एकविसावा दिवस असं धरून तिथे ‘२१ आषाढ १७७८’ भरलं तर १२ जुलै ही तारीख येते. चूक अकरा दिवसांची, पण महिना जुलैच असल्यामुळे ती सहज खपून जाते.

आपल्याला चांद्र पंचांग हवं, तेही अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपवणारं. उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच राहतं, पण आपला आषाढ वद्य पक्ष तिकडे श्रावण कृष्ण होतो. संकेतस्थळावर पाहत असाल तर आधी ‘अमान्त’ निवडा आणि जन्मगावाजवळचं शहर घाला. छापील जंत्री मिळाली तर अधिक सोपं, तिच्यात तिथी आणि इंग्रजी तारखा समोरासमोरच असतात.

हाती काहीच नसेल तरी अंदाज काढता येतो. त्या वर्षीचा पाडवा तेवढा माहीत हवा. १८५६ साली तो ६ एप्रिलच्या सुमारास होता. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा, म्हणजे तीन महिन्यांचे ८८ किंवा ८९ दिवस. ते मोजले की आषाढ शुद्ध प्रतिपदा ३ किंवा ४ जुलैला येते. वद्य षष्ठी तिच्यानंतर वीस तिथींनी, आणि वीस तिथी म्हणजे एकोणीस-वीस दिवस. तर तारीख २२ ते २४ जुलैच्या दरम्यान.

अशा मोजणीत अधिक महिना विसरू नका. पाडवा आणि जन्ममहिना यांच्यामध्ये तो आला असेल तर पूर्ण एक महिना जास्त मोजावा लागतो. जन्मच त्या महिन्यातला असेल तर पत्रिकेत ‘अधिक’ किंवा ‘निज’ असा शब्द बहुधा असतो. शके १९४५ मध्ये, म्हणजे २०२३ साली, श्रावण असाच दोनदा आला होता.

वार आणि नक्षत्राने पडताळा

तिथी चोवीस तासांची नसते. कधी तिचा क्षय होतो, कधी ती दोन सूर्योदय पाहते. म्हणून नुसत्या तिथीवरून काढलेली तारीख एखाद्या दिवसाने सरकू शकते. ती पक्की होते वारावरून. २२ जुलै १८५६ मंगळवार, २३ बुधवार, २४ गुरुवार. पत्रिकेत बुधवार असेल तर २३ जुलै, आणि टिळकांची जन्मतारीख तीच आहे.

वारांची संस्कृत नावं मात्र नीट वाचा. भानुवासर रविवार, इंदुवासर सोमवार, भौमवासर मंगळवार, भृगुवासर शुक्रवार, मंदवासर शनिवार. सौम्यवासर म्हणजे सोमवार असं घाईत वाचलं जातं, पण तो बुधवार आहे.

वारात एका दिवसाचा फरक पडला तर शेजारची तारीख घेऊन पाहा. त्याहून जास्त फरक असेल तर महिना किंवा वर्षच चुकलं आहे. महिना चुकलाय का ते नक्षत्रावरून कळतं: तीच तिथी पुढच्या महिन्यात आली की चंद्र साधारण दोन नक्षत्रं पुढे गेलेला असतो. निघालेल्या तारखेचं नक्षत्र पत्रिकेशी जुळलं की महिन्याबद्दल शंका उरत नाही.

जन्म रात्रीचा असेल तर

आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. त्यामुळे मध्यरात्रीनंतर आणि उजाडण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेत आदल्या दिवसाचा वार असतो. हे इष्टघटीवरून ओळखायचं. इष्टघटी म्हणजे सूर्योदयापासून घटींत मोजलेली जन्मवेळ. एक घटी २४ मिनिटांची आणि तिच्यात ६० पळं. समजा बुधवार लिहिला आहे आणि इष्ट ४७ घटी ३० पळं. म्हणजे बरोबर १९ तास. सूर्योदय साडेसहाचा धरला तर जन्म रात्री दीड वाजता झाला. पत्रिकेत बुधवारच राहील, पण इंग्रजी तारीख पुढच्या दिवसाची, गुरुवारची, लिहायची.