ऑक्सफर्ड, ३० जून १८६०: निबंध लिहायला बसण्यापूर्वी

उत्क्रांतीवरच्या ऐतिहासिक वादाबद्दल शोधनिबंध लिहायचा म्हटलं की पहिल्या पानावर डार्विनची बाजू घेणारा जीवशास्त्रज्ञ हक्सली आणि इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चचा बिशप विल्बरफोर्स येतातच. डार्विनच्या मतावर चर्चा झालेली ऑक्सफर्डची विज्ञानसभा, बिशपने विचारलेला माकड-आजोबांचा प्रश्न, हक्सलीचं सणसणीत उत्तर, आणि मग ‘विज्ञानाने धर्माला हरवलं’ हे वाक्य. मी हा विषय अनेकदा विद्यार्थ्यांकडून लिहून घेतला आहे आणि निबंधाचा तोल बहुतेक वेळा याच वाक्यापाशी जातो. म्हणून पुढची सगळी तयारी या एका प्रसंगाभोवती बेतली आहे.

सर्वांत आधी एक कोरा कागद घ्या आणि प्रसंगाची साधनं तारखेच्या क्रमाने लिहून काढा. सभा ३० जून १८६० ची. डार्विनचा मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर याने डार्विनला पत्र लिहिलं ते २ जुलैला. ‘अथेनियम’ या साप्ताहिकात सभेचा वृत्तान्त जुलैमध्ये आला. हक्सलीने आपल्या एका मित्राला लिहिलेलं पत्र ९ सप्टेंबरचं. आणि आजोबा की आजी, कोणाच्या बाजूने तुम्ही माकडाचे वंशज, हा जो संवाद आपण सगळे सांगतो, तो गाजला १८९८ साली मासिकात छापून आलेल्या एका आठवणीमुळे. म्हणजे घटनेनंतर अडतीस वर्षांनी. प्रत्येक नोंदीसमोर दोनच गोष्टी लिहा: लिहिणारा सभागृहात होता का, आणि किती दिवसांनी लिहितोय.

एवढं केलं की चित्र बदलायला लागतं. माकडाबद्दल काहीतरी बोलणं झालं होतं, यात शंका नको. हक्सलीच्या सप्टेंबरमधल्या पत्रातही तो किस्सा आहे. पण ‘अथेनियम’च्या वृत्तान्तात ही शाब्दिक चकमक नाही. हूकर तर डार्विनला कळवतो की हक्सलीचा आवाज एवढ्या मोठ्या सभेत नीट पोचला नाही आणि बिशपला खरं उत्तर आपणच दिलं. डार्विन स्वतः तिथे नव्हता. तेव्हा निबंधात नेमके शब्द अवतरणचिन्हांत टाकायचे असतील, तर ते कोणत्या वर्षीच्या कोणत्या नोंदीतले हे त्याच वाक्यात सांगा. ते सांगता येत नसेल तर अवतरणचिन्हं काढून टाका.

यानंतरचं काम सर्वांत जास्त वेळ घेणारं आहे, आणि तो वेळ द्याच: विल्बरफोर्सने डार्विनच्या ‘ऑरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकावर लिहिलेलं परीक्षण मुळातून वाचा. ते जुलै १८६० च्या ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्ये निनावी छापलं गेलं. हा माणूस रॉयल सोसायटीचा सदस्य होता, विज्ञानाशी अनोळखी नव्हता. वाचताना हातात दोन रंगांच्या पेन्सिली ठेवा. जिथे आक्षेप पुराव्याबद्दल आहे तिथे एक रंग, जिथे धर्मशास्त्राबद्दल आहे तिथे दुसरा. पहिल्या रंगाच्या खुणा किती होतात ते बघून बहुतेकांना नवल वाटतं. पाळीव कबुतरांच्या कितीही जाती माणसाने तयार केल्या तरी त्यातून नवी प्रजाती झालेली दिसत नाही, हा त्याचा मुद्दा. आता हक्सलीने त्याच वर्षी लिहिलेलं परीक्षण उघडा. डार्विनचा हा खंदा पाठीराखाही म्हणतो की निवडीतून एकमेकांशी संकर केल्यास वांझ ठरणारे प्रकार अजून कोणी निर्माण करून दाखवलेले नाहीत. अडचण एकच, निष्कर्ष मात्र वेगळे. डार्विननेही विल्बरफोर्सचा लेख हुशारीने लिहिलेला आहे आणि सगळ्यात अंदाजी भाग त्याने बरोबर हेरले आहेत, असं हूकरला कळवलं होतं.

पण इथे थांबलात तर दुसऱ्या बाजूला कललात. विल्बरफोर्स म्हणतो खरा, की वैज्ञानिक मताची परीक्षा बायबलच्या कसोटीवर करणं आपल्याला मान्य नाही. तरी शेवटाकडे तो माणसाची वाणी, विवेक, इच्छास्वातंत्र्य यांची यादी मांडतो आणि ईश्वराच्या प्रतिमेत घडलेला माणूस पशूपासून आला हे त्याला मान्य होत नाही. दुसरा रंग तिथे गडद होतो. बिशपला ‘केवळ शास्त्रीय टीकाकार’ ठरवायचं असेल तर ही पानं लपवावी लागतात, आणि ‘केवळ धर्मांध’ ठरवायचं तर आधीची. दोन्ही रंग निबंधात आले पाहिजेत, त्यांच्या खऱ्या प्रमाणात.

मग माणसांची यादी करा, पण ‘धर्म’ आणि ‘विज्ञान’ अशा दोन रकान्यांत नको. एक रकाना त्या व्यक्तीच्या श्रद्धेचा, दुसरा डार्विनच्या मताबद्दल तिने घेतलेल्या भूमिकेचा. सभेचे अध्यक्ष हेन्स्लो हे पाद्री, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि डार्विनचे गुरू. कादंबरीकार किंग्जली पाद्रीच, त्याने पुस्तकाचं स्वागत केलं. अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारा वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे श्रद्धाळू ख्रिस्ती. उलट रिचर्ड ओवेनने तीव्र टीका केली, तो त्या काळचा अग्रगण्य शरीररचनाशास्त्रज्ञ. सभेच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, फ्रेडरिक टेम्पलने ऑक्सफर्डमध्येच प्रवचन दिलं आणि विज्ञानाला न उलगडलेल्या फटींत देव शोधू नका असं सांगितलं. हेच टेम्पल पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. हा तक्ता भरला की ‘धर्माने विरोध केला’ हे वाक्य लिहिताना हात आपोआप थांबतो. विरोध माणसं करतात, संस्था करतात. कर्ता म्हणून त्यांचं नाव लिहा.

एक माणूस मात्र वेगळा टिपून ठेवा: जॉन विल्यम ड्रेपर. त्या दिवशी सभेत मूळ भाषण त्याचं होतं. याच ड्रेपरने १८७४ साली धर्म आणि विज्ञान यांच्यातल्या संघर्षाचा इतिहास लिहिला, आणि ‘कायमचं युद्ध’ ही चौकट रूढ करण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. त्याचा रोख मुख्यतः रोमन कॅथलिक चर्चकडे होता. १८७० मध्येच पोपच्या अचूकतेचा, म्हणजे श्रद्धेबाबत पोपने दिलेला अधिकृत निर्णय चुकू शकत नाही हा, सिद्धान्त जाहीर झाला होता. म्हणजे ज्या चौकटीतून आपण १८६० कडे पाहतो, ती नंतरच्या आणि वेगळ्या भांडणातून आलेली आहे. प्रस्तावनेत हे दोन वाक्यांत सांगितलंत तरी पुरे.

आता मुख्य विधान लिहून बघा. ‘१८६० साली ऑक्सफर्डमध्ये विज्ञानाने धर्माचा पराभव केला’ याऐवजी असं काहीतरी: ‘ऑक्सफर्डच्या सभेत प्रजाती बदलतात का, त्याला पुरावा किती, आणि माणसाबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाचा, हे तीन वाद एकाच व्यासपीठावर आले, त्यात अँग्लिकन धर्मगुरू आणि निसर्गशास्त्रज्ञ दोन्ही बाजूंना होते.’ वाक्य लांबलं, पण त्यातला प्रत्येक तुकडा पुराव्याने दाखवता येतो. संघर्ष नव्हताच, असंही लिहू नका. त्या काळी ऑक्सफर्ड-केंब्रिजमधल्या बहुतेक जागा अँग्लिकनांच्याच हाती होत्या, आणि हक्सलीसारख्या तरुणांना विज्ञान पाद्रींच्या वर्चस्वातून सोडवायचं होतं. ते भांडण खरं होतं.

क्रियापदं शेवटी एकदा तपासा. एका बाजूची माणसं ‘सिद्ध करतात’ आणि दुसऱ्या बाजूची ‘ओरडतात’, असं होतंय का? दोघांची नावं अदलाबदल करून तो परिच्छेद मोठ्याने वाचा; कानाला खटकलं तर शब्द बदला. याचा अर्थ आजही उत्क्रांतीबद्दल शास्त्रात दोन तुल्यबळ बाजू आहेत असा होत नाही, आणि हे निबंधात स्पष्ट लिहा. १८६० मध्ये आनुवंशिकता कशी चालते हे डार्विनला माहीत नव्हतं, म्हणून तेव्हाचे काही आक्षेप वाजवी होते. पुढे आनुवंशशास्त्राने आणि जीवाश्मांनी त्यांना उत्तरं दिली. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवा, म्हणजे ते एकमेकांत मिसळत नाहीत. आणि शीर्षकात नुसतं ‘धर्म’ लिहिलं असेल तर तिथे ‘इंग्लंडमधील अँग्लिकन वर्तुळ’ लिहा, कारण या साधनांवरून तुम्हाला बोलता येतं ते तेवढ्याच वर्तुळाबद्दल.