खातं गोठलं किंवा लीन लागलं: बँकेत जाण्याआधीची तयारी

गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, ऐन मालाच्या दिवसांत, सोलापुरातल्या आमच्या टॉवेलच्या दुकानाचं चालू खातं गोठलं. आत 2,14,000 रुपये, आणि कारागिरांचा आठवड्याचा पगार द्यायला एक रुपया निघेना. सुटायला अडीच महिने लागले. त्यातला निम्मा वेळ माझ्या एका चुकीने गेला, म्हणून हे लिहितोय.

आधी नेमकं काय लागलंय ते बघा. ॲपमध्ये एकूण शिल्लक आणि वापरता येणारी शिल्लक वेगळी दिसत असेल तर तेवढ्या फरकावर लीन आहे, म्हणजे तेवढीच रक्कम अडवलेली, बाकीचं खातं चालतं. पैसे जमा होतात पण काहीच बाहेर जात नसेल तर तो डेबिट फ्रीझ. कारण केवायसी थकल्याचं असेल तर कागद द्या, विषय संपला. थकलेला हप्ता किंवा आयकराची नोटीस असेल तर वाट वेगळी. मी इथे सायबर तक्रारीचं सांगतोय, कारण यूपीआयवर धंदा करणाऱ्याला तीच गाठते. कुठल्यातरी राज्यात कुणी फसतो, 1930 वर फोन करतो किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाकतो, आणि ते पैसे ज्या ज्या खात्यांतून फिरले तिथे तिथे बँका अडवणूक लावतात. आमच्याकडे एका गिऱ्हाईकाने टॉवेलचे 18,500 रुपये यूपीआयने दिले, आम्ही माल पाठवला. ते पैसे तिसऱ्याच माणसाचे चोरलेले होते, हे आम्हाला कळणार कसं?

आता बँकेत. आधार, पॅन, पासबुक न्याल म्हणा. पण तोंडी विचारून परत येऊ नका. लेखी अर्ज द्या, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, आणि त्यात मागा: तक्रार क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, वादातल्या व्यवहाराची तारीख, रक्कम आणि UTR, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेतला नंबर. आणि तक्रार क्रमांक म्हणजे सगळे तक्रार क्रमांक. मी एकच विचारला. शाखेने एकच सांगितला. त्यावर धावपळ केली, तपास अधिकाऱ्याचं पत्र आणवलं, आणि खातं तरीही उघडेना, कारण त्याच खात्यावर 2,300 रुपयांची दुसरी तक्रार दुसऱ्या राज्यातून बसलेली होती. पहिल्या पत्राने दुसरी तक्रार सुटत नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून अर्जातच लिहा: "माझ्या खात्यावर आजपर्यंत नोंद असलेल्या सर्व तक्रारींचे क्रमांक द्यावेत." सर्व.

त्याच अर्जात आणखी एक मागणी घाला: पूर्ण खातं न गोठवता फक्त वादातल्या रकमेवर लीन ठेवा. केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये असाच आदेश दिला होता, त्याचा आधार देता येतो. शाखा बहुतेकदा म्हणेल आमच्या हातात नाही, तरी लेखी द्याच. आमचे 18,500 अडकले असते तर चाललं असतं, अडकले दोन लाख.

सोलापुरातल्या पोलीस ठाण्यात खेटे घालू नका. तक्रार जिथे आहे तिथलाच तपास अधिकारी सोडवू शकतो. त्याला ईमेल करा आणि विषयाच्या ओळीतच तक्रार क्रमांक टाका. दोन क्रमांक असतील तर दोन वेगळे ईमेल. सोबत त्या विक्रीचं बिल, जीएसटी नोंदणी, ट्रान्सपोर्टची बिल्टी, गिऱ्हाईकाशी झालेलं बोलणं आणि खात्याचा उतारा. उताऱ्यावरचा UTR आणि बिलाची रक्कम जुळली पाहिजे. आमचं बिल 18,900 चं होतं, 400 सूट तोंडी दिलेली. त्या 400 वरून आठ दिवस प्रश्नोत्तरं झाली. सूट बिलावर लिहीत जा.

तक्रारदार म्हणून कुणी फोन करून "एवढे परस्पर पाठवा, तक्रार मागे घेतो" म्हणालं तर पाठवू नका. पैसे घेऊन खातं उघडून देणारे दलालही भेटतील, त्यांना दारात उभं करू नका.

अधिकाऱ्याचं मन भरलं की तो अडवणूक काढायला बँकेला कळवतो. ते त्याच्या सरकारी ईमेलवरूनच जाऊ द्या, तुम्ही नेलेली झेरॉक्स शाखा मानत नाही. पत्रात खाते क्रमांक आणि तक्रार क्रमांक बरोबर आहेत ना, बघून घ्या. उत्तरच येत नसेल तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 503 खाली अर्ज. जप्ती त्याच संहितेच्या कलम 106 खाली होते, आणि ती दंडाधिकाऱ्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवली होती का, हे वकिलाला विचारायला लावा.

तोवर दिलेले चेक परत जातील, ज्यांना दिलेत त्यांना आधीच फोन करा. खातं उघडलं की लगेच 1 रुपया पाठवून बघा. नाही गेला तर शाखेत जाऊन पुन्हा तोच प्रश्न: आणखी कोणता तक्रार क्रमांक बाकी आहे?